कापलेला टीसीएस गेला कुठे?

ऑनलाइन दुकानातून माल विकणाऱ्याच्या खात्यात पैसे जमा होतात ते कमिशन, कुरिअर आणि टीसीएस कापूनच. यातला टीसीएस म्हणजे दुकान चालवणाऱ्या कंपनीने विक्रेत्याच्या पैशातून आधीच उचललेला जीएसटी. १० जुलै २०२४ पासून त्याचा दर अर्धा टक्का आहे, त्याआधी एक टक्का होता. ही रक्कम विक्रेत्याचीच असते आणि त्याच्या जीएसटी खात्यात परत यायला हवी. तरी महिनाअखेरीला हिशेब लागत नाही, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक विक्रेत्याची.

पहिली चूक बहुधा शोधण्याच्या जागेची असते. खरेदीवर भरलेल्या कराचे क्रेडिट जिथे दिसते, त्या क्रेडिट लेजरमध्ये लोक टीसीएस शोधत बसतात. तो येतो कॅश लेजरमध्ये, आणि तोही आपोआप नाही. कंपनी पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत जीएसटीआर-८ भरते. मग विक्रेत्याच्या रिटर्न डॅशबोर्डवर, त्या महिन्याखाली, `TDS and TCS credit received` या चौकटीत रक्कम दिसू लागते. ती तपासून स्वीकारायची आणि ते पान फाइल करायचे, तेव्हाच पैसे लेजरमध्ये उतरतात. कित्येकांचे महिन्यांमागून महिने टीसीएस याच चौकटीत पडून असतात.

आता रक्कमच जुळत नसेल तर? इचलकरंजीतल्या एका साडीविक्रेत्याचा जून २०२५चा हिशेब घेऊ, आकडे समजावण्यापुरते. गिऱ्हाइकांकडून आलेले पैसे ४,२०,००० रुपये. अर्धा टक्का म्हणजे २,१०० रुपये, अशी त्याची अपेक्षा. पोर्टलवर मात्र १,५५० रुपये. ५५० रुपयांचा फरक.

४,२०,००० मध्ये पाच टक्के जीएसटी धरलेला आहे आणि टीसीएस कर वगळून लागतो. म्हणून पाया ४,००,००० रुपये आणि टीसीएस २,००० रुपये. त्यातल्या ४०,००० रुपयांच्या साड्या जूनमध्येच परत आल्या. उरले १,८०० रुपये. इथपर्यंत कोणीही पोहोचतो. पुढची गोम अशी, की त्या महिन्यात परत आलेला सगळा माल वजा होतो, मग तो विकला गेला असेल आधीच्या महिन्यात. मे महिन्यात विकलेल्या ३०,००० रुपयांच्या साड्या जूनमध्ये परतल्या होत्या. पाया ३,३०,००० रुपये, टीसीएस १,६५० रुपये. विक्रेता ऑर्डरच्या तारखेने हिशेब धरतो आणि कंपनी परतीच्या तारखेने, म्हणून ही दरी पडते. बँकेत आलेल्या रकमांवरून ताळा घ्यायला गेलात तर घोळ वाढेल, कारण ते पैसे पुढच्या महिन्यात सरकलेले असतात. कंपनीच्या साइटवरून महिन्याचा टॅक्स रिपोर्ट उतरवावा आणि तोच प्रमाण मानावा.

उरलेले १०० रुपये म्हणजे २०,००० रुपयांची विक्री. ती कुठली हे शोधायला रक्कम आयजीएसटी, सीजीएसटी आणि एसजीएसटी अशी फोडून पाहावी. राज्यातल्या १,२०,००० रुपयांच्या विक्रीवरचे ३०० आणि ३०० रुपये बरोबर आहेत. परराज्यातल्या २,१०,००० वर १,०५० यायला हवे होते, आलेत ९५०. या विक्रेत्याने काही माल हरियाणातल्या गोदामात ठेवला होता आणि त्यासाठी तिथे वेगळा जीएसटी क्रमांक घेतला होता. तिथून निघालेल्या साड्यांचे १०० रुपये त्या क्रमांकाच्या लॉगिनमध्ये आले होते. प्रत्येक राज्याचा क्रमांक हे वेगळे खाते, हे बरेचजण विसरतात.

तिथेही सापडले नसते, तर चूक कंपनीची मानावी लागली असती. अशा वेळी ऑर्डर क्रमांक, बिलाची रक्कम आणि कापलेला टीसीएस यांचा तक्ता जोडून कंपनीच्या विक्रेता मदत कक्षाला लेखी कळवावे. दुरुस्ती विक्रेता स्वतः करू शकत नाही. कंपनीच नंतरच्या जीएसटीआर-८ मध्ये ती करते. पोर्टलवर नोंद नाकारली, तर तीही दुरुस्तीसाठी कंपनीकडेच परत जाते.

कंपनीच्या आकड्याकडे डोळेझाक केली तर मामला उलटा फिरतो. कंपनीने कळवलेली विक्री विक्रेत्याच्या जीएसटीआर-१ शी ताडून पाहिली जाते. विक्रेत्याने कमी दाखवली आणि कळवूनही फरक मिटवला नाही, तर तेवढा कर व्याजासकट त्याच्या नावावर चढतो. म्हणून जीएसटीआर-१ च्या तक्ता १४ मध्ये कंपनीमार्फतची निव्वळ विक्री भरताना वरचाच हिशेब समोर ठेवावा. आयकराचा ०.१ टक्का टीडीएस मात्र यात मिसळू नये. तोही याच पैशांतून कापला जातो, पण दिसतो आयकराच्या २६एएस मध्ये.

आर्थिक वर्षातल्या चुका दुरुस्त करायला कंपनीला पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच मुभा असते. वार्षिक विवरण त्याआधी भरले तर ती मुदत तिथेच संपते. त्यामुळे जूनचा फरक जुलैतच कळवलेला बरा. लेजरमध्ये आलेली रक्कम एका शीर्षात साठून राहिली, तर पीएमटी-०९ ने दुसऱ्या शीर्षात वळवता येते, किंवा जादा शिल्लक म्हणून परतावाही मागता येतो.