डी-मार्टचा सख्खा स्पर्धक कोण? 2017 ते 2024चा मागोवा

21 मार्च 2017 रोजी ‘डी-मार्ट’ चालवणारी अ‍ॅव्हेन्यू सुपरमार्ट्स ही कंपनी शेअर बाजारात आली. 299 रुपयांना विकलेला शेअर पहिल्याच दिवशी दुपटीच्या वर गेला. हा भाव महाग की रास्त, हे ठरवायचं तर तुलना कुणाशी करायची हा प्रश्न आधी सोडवावा लागत होता. त्या वेळी कुणालाही विचारलं तरी उत्तर एकच यायचं: बिग बझार, म्हणजे फ्युचर रिटेल. पुढच्या सात वर्षांत हे उत्तर पार बदललं. ते कसं बदललं आणि कागदोपत्री कुठे दिसलं, हे पाहण्यासारखं आहे.

स्पर्धक शोधताना पहिला हात जातो तो उद्योगाच्या वर्गीकरणाकडे. आपल्याकडे प्रत्येक कंपनीच्या ओळख क्रमांकातच उद्योगाचा पाच आकडी संकेतांक असतो. अ‍ॅव्हेन्यू सुपरमार्ट्सचा क्रमांक L51900MH2000PLC126473 असा आहे. पहिल्या अक्षरानंतरचे 51900 हे आकडे जुन्या राष्ट्रीय वर्गीकरणात ‘इतर घाऊक व्यापारा’चे आहेत. कंपनी मात्र किरकोळ विक्री करते. टाटांच्या ट्रेंटची गंमत याहून मोठी. तिच्या क्रमांकात 24240 आहे, म्हणजे साबण आणि सौंदर्यप्रसाधनांचं उत्पादन. कारण ही मूळची लॅक्मे कंपनी, 1952 साली स्थापन झालेली. प्रसाधनांचा धंदा 1998 मध्ये विकला गेला, तरी आकडा जागच्या जागी राहिला. हा संकेतांक नोंदणीच्या वेळचा असतो आणि धंदा बदलला म्हणून तो आपोआप बदलत नाही. स्पर्धक शोधायला तो वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेअर बाजाराचं वर्गीकरण बरंच कामाचं आहे. त्याच्या चार पायऱ्या आहेत: सर्वांत वर 12 मोठी क्षेत्रं आणि सर्वांत खाली 197 मूळ उद्योग. डी-मार्ट तिसऱ्या पायरीवर ‘रिटेलिंग’मध्ये येतो आणि चौथ्या पायरीवर ‘डायव्हर्सिफाइड रिटेल’मध्ये. ट्रेंट तिसऱ्या पायरीवर त्याच्याच शेजारी, पण चौथ्या पायरीवर ‘स्पेशालिटी रिटेल’मध्ये. झटपट किराणा पोचवणाऱ्या ब्लिंकिटची मालक कंपनी, 2024 मध्ये जिचं नाव झोमॅटो होतं, ती तिसऱ्या पायरीवर तिथेच, चौथ्यावर मात्र ‘ई-रिटेल’मध्ये. सगळ्यांत खालची पायरी म्हणजे सगळ्यांत नेमकी, असं समजून जो तिथेच थांबला, त्याच्या यादीतून ब्लिंकिट निसटली. एक पायरी वर चढून यादी मोठी करायची आणि मग हाताने निवडायची, हीच पद्धत बरोबर.

पण वरची पायरीही रिलायन्स दाखवत नाही. रिलायन्स रिटेलचा शेअर बाजारात वेगळा नोंदलेला नाही आणि मूळ कंपनी तेलशुद्धीकरणाच्या गटात बसते. म्हणजे देशातला सर्वांत मोठा किरकोळ विक्रेता किरकोळ विक्रीच्या यादीतच नाही! त्याच्यासाठी रिलायन्सच्या निकालातला विभागवार तपशील उघडावा लागतो. तिथेही किराणा, कपडे आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची बेरीज एकत्रच दिसते, म्हणून किराण्यापुरतं काय घडलं ते व्यवस्थापनाच्या सादरीकरणातून वेचावं लागतं.

ट्रेंटच्या बाबतीत अडचण उलटी आहे. नाव यादीत आहे, पण डी-मार्टशी खरी गाठ पडते ती त्यांच्या ‘स्टार बझार’ची. ती दुकानं चालवणारी ट्रेंट हायपरमार्केट ही टेस्कोबरोबरची निम्म्या-निम्म्या भागीदारीची कंपनी आहे. संयुक्त उपक्रम असल्यामुळे तिची विक्री ट्रेंटच्या एकत्रित विक्रीत मिसळत नाही. नफ्या-तोट्यातला वाटा तेवढा एका ओळीत येतो. त्यामुळे ट्रेंटची विक्रीवाढ डी-मार्टच्या शेजारी ठेवून कुणी निष्कर्ष काढला, तर तो झुडिओ आणि वेस्टसाइडच्या कपड्यांची तुलना तेल-तांदळाशी करत असतो. डी-मार्टच्या विक्रीत खाद्यपदार्थ निम्म्याहून जास्त आहेत, आणि साबण-पावडरसारख्या वस्तू धरल्या तर जवळपास तीन चतुर्थांश. कंपनी हे प्रमाण स्वतःच जाहीर करते. ते शेजारी ठेवल्याशिवाय कुणालाही स्पर्धक म्हणू नये.

दरम्यान फ्युचर रिटेल मोडली. फेब्रुवारी 2022 मध्ये तिची दुकानं रिलायन्सने ताब्यात घ्यायला सुरुवात केली आणि जुलैमध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. फ्युचर रिटेल आणि ट्रेंट अशी 2017ची तुलनेची यादी जो तशीच वापरत राहिला, त्याच्याकडे आता एक बंद पडलेली कंपनी आणि एक कपड्यांची कंपनी उरली. त्याच वर्षी झोमॅटोने ब्लिंकिट विकत घेतली.

आता कंपन्या स्वतः काय सांगतात ते पाहू. शेअर विक्रीच्या माहितीपत्रकात किंमत कशाच्या आधारे ठरवली हे सांगणारं एक प्रकरण असतं आणि त्यात नोंदणीकृत समव्यवसायी कंपन्यांशी तुलना द्यावी लागते. डिसेंबर 2024 मध्ये विशाल मेगा मार्टने तिथे दोन नावं दिली: डी-मार्ट आणि ट्रेंट. दोघांचंही किंमत-उत्पन्न गुणोत्तर तेव्हा 90च्या वर होतं. त्यांच्या शेजारी विशालची किंमत सौम्य दिसली. विशालच्या विक्रीत मात्र कपड्यांचा वाटा चाळीस टक्क्यांहून जास्त आणि बहुतेक दुकानं लहान शहरांत. तुलनेची नावं निवडतो विकणारा, हे विसरून चालत नाही. तरी ही यादी टाकाऊ नाही. ती उलटी वाचावी: आपण ज्या कंपनीचा अभ्यास करतो, तिचं नाव दुसरं कोण घेतं? विशालने डी-मार्टचं नाव घेतलं, ही दखल घेण्याजोगी बाब आहे. पण फक्त नोंदणीकृत कंपन्याच चालतात, या अटीमुळे 2024च्या त्या यादीत झेप्टोला जागाच नव्हती.

सर्वांत मोलाची ओळ सापडली ती एका साध्या तिमाही निवेदनात. 12 ऑक्टोबर 2024 रोजी सप्टेंबर तिमाहीचे निकाल देताना डी-मार्टचे तेव्हाचे मुख्य कार्यकारी अधिकारी नेव्हिल नरोन्हा यांनी सांगितलं की, दोन वर्षांपेक्षा जुन्या दुकानांची विक्री 5.5 टक्के वाढली. पुढे त्यांनी मान्य केलं की, मोठ्या महानगरांतल्या, दर चौरस फुटामागे खूप विक्री करणाऱ्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम स्पष्ट दिसतो आहे. त्यात कंपनीची स्वतःची डी-मार्ट रेडी ही सेवाही त्यांनी धरली. पुढच्या सोमवारी शेअर आठ टक्क्यांच्या आसपास पडला.

या निवेदनात स्पर्धक कोण, कुठे आणि किती, या तिन्हींचं उत्तर आहे. स्पर्धा सगळीकडे नाही, महानगरांत आहे. ती नव्या दुकानांच्या नव्हे, जुन्या आणि भरलेल्या दुकानांच्या विक्रीत दिसते. आणि ती पडताळता येते, कारण ब्लिंकिटची मालक कंपनी ‘क्विक कॉमर्स’चे आकडे वेगळ्या विभागात देते. दर तिमाहीला ते आकडे आणि डी-मार्टच्या जुन्या दुकानांची वाढ शेजारी मांडली, तर नातं आहे की नाही ते कळू लागतं. एका तिमाहीवरून मात्र काही ठरवू नये. महागाई, सणांच्या तारखा आणि स्वतःचीच जवळ उघडलेली नवी शाखा यांनीही हा आकडा हलतो.

2024 अखेर माझी यादी अशी: महानगरांत ब्लिंकिट, इन्स्टामार्ट आणि झेप्टो, मोठ्या दुकानांत रिलायन्सचं स्मार्ट बझार, मुंबई-पुण्यात स्टार बझार, आणि लहान शहरांत विशाल, तोही कपडे व घरगुती वस्तूंपुरताच. यातलं एकही नाव चौथ्या पायरीवर डी-मार्टच्या खणात शोधून मिळवलेलं नाही.