रिव्हॉल्वरचा चाप: हलका आणि जड

रिव्हॉल्वर एकच, काडतुसं तीच, चाप ओढणारं बोटही तेच. तरीही हॅमर अंगठ्यानं आधी मागे ओढून ठेवला, तर चाप दीड-दोन किलोच्या जोरानं सुटतो. तसं न करता सरळ चाप ओढला, तर पाच-साडेपाच किलोंचा जोर लावावा लागतो. पहिल्या पद्धतीला सिंगल ॲक्शन म्हणतात, दुसरीला डबल ॲक्शन. हे आकडे स्मिथ अँड वेसनच्या .३८ बोअरच्या ‘मॉडेल १०’सारख्या पोलिसी रिव्हॉल्वरचे आहेत. या घराण्याची सुरुवात १८९९ मधली आणि अमेरिकी पोलिसांच्या कमरेला ते पिढ्यान्‌पिढ्या होतं. अंदाज यावा म्हणून सांगतो: कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं, त्यात चापाचं वजन किमान एक किलो असावं असा नियम आहे. सिंगल ॲक्शन त्याच्या आसपास जातं. डबल ॲक्शनचा प्रदेशच वेगळा.

हा फरक कुठून येतो, हे आत काय घडतं ते पाहिलं की कळतं. गोळी सुटण्यासाठी तीन गोष्टी व्हाव्या लागतात. सिलिंडर फिरून नवं काडतूस नळीसमोर यावं लागतं, ते तिथे पक्कं अडकावं लागतं आणि हॅमर मुख्य स्प्रिंग दाबत मागे जाऊन सुटावा लागतो. सिंगल ॲक्शनमध्ये यातली सगळी मेहनत अंगठा करतो. तो हॅमर मागे ओढत असताना आतली एक छोटी पट्टी सिलिंडरच्या मागच्या दात्यांना ढकलून तो फिरवते, खालून एक खिटी वर येऊन सिलिंडरच्या खाचेत बसते आणि शेवटी हॅमर आपल्या खाचेत अडकून उभा राहतो. आता चापाकडे एकच काम उरतं, ती खाच सोडवणं. डबल ॲक्शनमध्ये हे सगळं बोटाच्या एकाच ओढीत होतं. चापाचं आतलं टोक हॅमरला उचलत नेतं, त्याच ओढीत सिलिंडर फिरतो, खिटी बसते आणि ओढ संपता संपता चाप हॅमरखालून निसटतो. ताणलेली स्प्रिंग, फिरणारा सिलिंडर आणि चापाला परत पुढे आणणारी दुसरी स्प्रिंग, या सगळ्यांचा भार त्या एका बोटावर येतो.

हाताला हे कसं जाणवतं? सिंगल ॲक्शनमध्ये हॅमर मागे जाताना टक्‌ असा आवाज होतो आणि चाप आपोआप मागे सरकून बोटाजवळ येतो. मग तो हलतोय असं वाटतच नाही. बोटाच्या पेराच्या गादीनं दाब वाढवत न्यायचा आणि वाळलेली काडी मोडावी तसा तो अचानक सुटतो. चांगल्या रिव्हॉल्वरमध्ये हा प्रवास एखाद्-दोन मिलिमीटरचाच असतो. गोळी नेमकी कुठल्या क्षणी सुटेल हे नेम धरणाऱ्यालाही आधी कळत नाही, म्हणून हात दचकायला वेळ मिळत नाही. नवख्या माणसाच्या गोळ्या सिंगल ॲक्शनमध्ये जवळजवळ पडतात, त्याचं हे मोठं कारण आहे.

डबल ॲक्शनमध्ये चापाला दीड-दोन सेंटिमीटरचा प्रवास करावा लागतो. सुरुवातीला जोर एकसारखा लागतो. मग डोळ्यांसमोर सिलिंडर वळताना दिसतो, खिटी बसल्याचा बारीक आवाज येतो आणि त्यानंतर थोडंच अंतर उरतं. काही रिव्हॉल्वरमध्ये या शेवटच्या टप्प्यात चाप एकदम जड होतो. काहींमध्ये, विशेषतः चांगल्या बसलेल्या जुन्या स्मिथ अँड वेसनमध्ये, तो शेवटपर्यंत तसाच गुळगुळीत राहतो. जाणकार चापाचं वजन विचारण्याआधी हा गुळगुळीतपणा बघतात आणि ते बरोबरच आहे. सहा किलोंचा पण सरळ जाणारा चाप, चार किलोंच्या अडखळणाऱ्या चापापेक्षा सोपा असतो.

नेम बिघडतो तो मात्र वेगळ्याच हिशेबामुळे. रिव्हॉल्वरचं स्वतःचं वजन साधारण नऊशे-साडेनऊशे ग्रॅम. म्हणजे वस्तू एक किलोची आणि तिच्यावर लावायचा जोर पाच किलोंचा. हा जोर नेमका सरळ मागे गेला नाही, तर नळीच्या टोकावरची माशी हलणारच. उजव्या हाताचा नवखा माणूस बोट ओढता ओढता अख्खी मूठच आवळतो. त्याच्या गोळ्या बहुतेक वेळा डावीकडे खाली जातात. दहा मीटरवरच्या कागदी लक्ष्यावर सहा गोळ्या सिंगल ॲक्शननं आणि सहा डबलनं झाडायला लावल्या, तर पहिल्या सहांचा घोस मधोमध आणि दुसऱ्या सहांची पांगापांग खाली डावीकडे, असं चित्र अनेकदा दिसतं. शिकवणाऱ्याला कागद पाहूनच कळतं की नजर ठीक आहे, दोष मुठीत आहे.

त्यावरचा उपाय जुना आहे. रिव्हॉल्वर रिकामं करायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची, सहाही घरं पुन्हा बघायची आणि नळी भक्कम भिंतीकडे धरायची. माशीच्या जवळ नळीवर एक नाणं ठेवून डबल ॲक्शननं चाप ओढायचा. हॅमर पडेपर्यंत नाणं पडता कामा नये. पकड आधीपासूनच घट्ट ठेवायची म्हणजे ओढताना ती आणखी आवळली जात नाही. बोटही थोडं अधिक आत, पहिल्या सांध्याजवळ घ्यायचं, कारण पेराच्या टोकाला एवढा जोर पेलत नाही. ओढ मध्येच थांबवायची नाही आणि गोळी सुटल्यावर चाप पूर्ण पुढे जाऊ द्यायचा. घाईत तो अर्ध्यावरूनच पुन्हा ओढला, तर चाप अडतो किंवा सिलिंडर एक घर सोडून पुढे जातो आणि गोळी सुटतच नाही. डबल ॲक्शनमधली ही सर्वांत नेहमीची चूक.

डबल ॲक्शननं नेम लागतच नाही असा समज करून घेऊ नये. अमेरिकेतल्या एड मॅकगिव्हर्न या नेमबाजानं १९३२ मध्ये साध्या डबल ॲक्शन रिव्हॉल्वरनं पंधरा फुटांवरून पाच गोळ्या अर्ध्या सेकंदाच्या आत झाडल्या, आणि त्या साऱ्या अर्ध्या डॉलरच्या नाण्याखाली झाकता येतील इतक्या जवळ पडल्या. हॅमर दर वेळी अंगठ्यानं ओढून ते जमणं शक्य नव्हतं.

या दोन पद्धतींचा वाद खूप जुना आहे. सॅम्युअल कोल्टची रिव्हॉल्वरं सिंगल ॲक्शनची. १८५१ साली लंडनच्या जागतिक प्रदर्शनात तो ती घेऊन आला, तेव्हा रॉबर्ट ॲडम्स या इंग्रज कारागिराचं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्वरही तिथे होतं. त्याच्या हॅमरला अंगठा टेकवायला जागाच नव्हती. ते फक्त चाप ओढूनच चालायचं. कोल्टचं लांबवर अचूक होतं, ॲडम्सचं जवळून झटपट. क्रिमियन युद्धात १८५४ साली इंकरमनच्या लढाईत ८८ व्या पलटणीतल्या क्रॉस या अधिकाऱ्याला रशियन सैनिकांनी घेरलं. त्याच्याकडे ॲडम्सचं रिव्हॉल्वर होतं. दर गोळीआधी हॅमर ओढावा लागला असता तर आपण वाचलो नसतो, असं त्यानं पुढे कळवलं. त्याच युद्धात इंजिनिअर दलाचा लेफ्टनंट फ्रेडरिक बोमाँट होता. त्यानं १८५६ मध्ये ॲडम्सच्या यंत्रणेत अशी सुधारणा केली, की वाटल्यास अंगठ्यानं हॅमर ओढा, नाहीतर सरळ चाप ओढा. हे बोमाँट-ॲडम्स रिव्हॉल्वर १८५७ च्या उठावाच्या काळात हिंदुस्थानात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती होतं.

दोन्ही सोयी एकत्र आल्यावर प्रश्न मिटायला हवा होता, पण तो उलट दिशेनं पुन्हा उभा राहिला. ब्रिटिश रणगाड्यांमधल्या सैनिकांच्या एनफिल्ड रिव्हॉल्वरचा हॅमर आतल्या अडचणीत कशात ना कशात अडकायचा. म्हणून १९३८ मध्ये हॅमरचं ते बाहेर आलेलं टोकच काढून टाकलं आणि रिव्हॉल्वर पुन्हा केवळ डबल ॲक्शनचं झालं. पुढे लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या पोलिसांनीही सिंगल ॲक्शनची सोय बंद केलेली रिव्हॉल्वरं वापरली. त्यांचं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. हॅमर ओढून कुणावर रिव्हॉल्वर रोखलेलं असताना पाय घसरला, कुणी धक्का दिला किंवा दुसऱ्या हाताची मूठ आवळली, तरी चापावरचं बोट आपोआप आखडतं, आणि दीड किलोचा चाप तेवढ्यानं सुटतो. पाच किलोंची लांब ओढ सहसा अशी चुकून होत नाही.

शिवाय गोळी झाडायची गरज संपली, तरी ओढलेला हॅमर खाली आणावाच लागतो. त्यासाठी अंगठ्यानं हॅमर घट्ट धरून चाप ओढायचा, हॅमर खाचेतून सुटला की लगेच चापावरचं बोट काढायचं आणि मग तो हळूच खाली सोडायचा. बोट काढलं की आतली सुरक्षा-पट्टी हॅमर आणि काडतुसाच्या मध्ये येते. शांतपणे हे कुणालाही जमतं. घामेजलेल्या, थरथरणाऱ्या हातात मात्र भरलेल्या रिव्हॉल्वरचा चाप मुद्दाम ओढण्याचं हे काम आहे, आणि अंगठा निसटला तर गोळी सुटते.

चाप जड वाटतो म्हणून काही जण मुख्य स्प्रिंग सैल करून घेतात. त्याचा परिणाम आधी डबल ॲक्शनमध्येच दिसतो. तिथे हॅमर सिंगलपेक्षा थोडा कमी मागे जाऊन सुटतो, त्यामुळे त्याचा फटकाही थोडा कमी बसतो. अंगठ्यानं ओढून सहाही काडतुसं उडतात आणि सरळ चाप ओढल्यावर त्यातलं एखादं उडत नाही, न उडालेल्या काडतुसाच्या बुडाला उथळ खळगा दिसतो, असं झालं तर स्प्रिंग नक्की कमजोर आहे. त्याहून वाईट खोड म्हणजे झिजलेली सिंगल ॲक्शनची खाच. रिकाम्या रिव्हॉल्वरचा हॅमर पूर्ण ओढून, चापाला हात न लावता, तो अंगठ्यानं मागून पुढे ढकलून पाहावा. तो पडला, तर ते रिव्हॉल्वर कारागिराकडे नेल्याशिवाय पुन्हा भरू नये.

आपल्याकडे परवानाधारकाला मिळणारं नेहमीचं रिव्हॉल्वर म्हणजे कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२ बोअरचं, जुन्या वेब्लीसारखं मधून मोडणारं. ते दोन्ही पद्धतींनी चालतं. २०१४ मध्ये आलेलं ‘निर्भीक’ तर जेमतेम पाचशे ग्रॅमच्या आसपासचं आहे. पर्समध्ये ते सोपं जातं, पण वस्तू जितकी हलकी तितकी ती जड चापानं अधिक डगमगते. अशा रिव्हॉल्वरचा परवाना तुमच्याकडे असेल, तर वर्षाला मिळणाऱ्या थोड्या काडतुसांतली बहुतेक डबल ॲक्शननंच, सात-आठ मीटरवरून, रेंजवर झाडा. अंगठ्यानं हॅमर ओढायचा तो फक्त कागदी लक्ष्यासमोर.