डब्यावरच्या सूचना मराठीत उतरवताना
सिडनीच्या हॅरिस पार्कमध्ये बाळंतपणाला आलेल्या आजीच्या हाताला बहुधा भारतातल्या बाळाच्या दूधपावडरच्या डब्याचं माप बसलेलं असतं: ३० मिली पाण्याला एक चमचा. ऑस्ट्रेलियातल्या अनेक डब्यांतला चमचा मोठा, ५० मिलीसाठीचा असतो. म्हणजे १५० मिलीला तीनच. सवयीने पाच घातले तर दूध फार घट्ट होतं; बाळाला बद्धकोष्ठ होऊ शकतं, अंगातलं पाणीही कमी होऊ शकतं. म्हणून आजीसाठीच्या मराठी चिठ्ठीवर त्या डब्यावरचाच आकडा आणि ‘डब्यातलाच चमचा, न दाबता सपाट केलेला’ असं लिहावं. हात धुऊन, निर्जंतुक बाटलीत उकळून कोमट केलेलं पाणी आधी, पावडर नंतर. मग पातळी १५०च्या वर जाते, ते बरोबरच आहे. पाजायला घेतल्यापासून तासाभरात उरलेलं दूध ओतून द्यावं.