फ्रेंच कार्यालयातील विनंती आणि मराठीचा ‘हवा होता’

बेलापूरचा माणूस कचेरीत ‘साहेब, दाखला हवा होता’ म्हणतो, तेव्हा गरज आजची असूनही क्रियापद भूतकाळात जाते आणि मागणीची धार बोथट होते. फ्रेंचमधील अपूर्ण भूतकाळ, म्हणजे चालू राहिलेली क्रिया सांगणारे रूप, हेच काम करतो. ‘झ व्हो’ (मला पाहिजे) हे कार्यालयात हट्टाचे वाटते, म्हणून ‘झ व्हुले व्हू दमाँदे’ (तुम्हाला विचारायचे होते) अशी सुरुवात होते. मात्र ‘रजा हवी होती’चे शब्दशः ‘झ व्हुले अँ काँजे’ केल्यास रजा आता नकोच, असाही अर्थ निघू शकतो. तेथे संकेतार्थ, म्हणजे ‘जमल्यास’ अशी अट गृहीत धरणारे रूप, ‘झ व्हुद्रे’ सुरक्षित ठरते. लिहिताना त्याच्या शेवटी अनुच्चारित ‘एस’ लागतो. तो गळल्यास भविष्यकाळ होतो आणि उच्चार जवळपास सारखाच असल्याने चूक कानाला कळत नाही. अहवाल मागताना ‘पुरिए-व्हू’ (पाठवू शकाल का) म्हणतात. अरेतुरेच्या सहकाऱ्याला ‘पुरे-त्यू’. अर्थात साहेबाने ‘पुरिए-व्हू’ म्हटले, तरी तो बहुधा हुकूमच असतो.