पोट बिघडल्याची तक्रार: उत्तर कसे लिहावे?

समजा, पुण्यातल्या एका हॉटेलला ग्राहकाचा ईमेल आला: ‘रविवारी दुपारी तुमच्याकडे जेवलो, रात्री उलट्या सुरू झाल्या.’ उत्तरात ‘आमच्या जेवणामुळे त्रास झाला, माफ करा’ असे लिहिले, तर कारण तपासण्याआधीच कबुली दिल्यासारखे होते. पुढे ग्राहक आयोगात तेच वाक्य पुरावा म्हणून दाखवता येते. उलट ‘बाकी कुणाला काही झाले नाही’ म्हटले, तर आजारी माणूस दुखावतो.

मधला मार्ग असा:

‘आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल वाचून वाईट वाटले. त्रास चालू असल्यास कृपया डॉक्टरांना दाखवा. आपण काय खाल्ले, त्रास किती वाजता सुरू झाला आणि सोबतच्या कुणाला झाला का, हे कळवाल का? त्या दिवशीच्या स्वयंपाकाच्या नोंदी आम्ही तपासत आहोत. शुक्रवारपर्यंत मी स्वतः आपल्याला फोन करीन.’

इथे सहानुभूती त्रासाबद्दल आहे, कारणाबद्दल मौन आहे. वेळ विचारण्यामागेही कारण आहे. शिळ्या भातातल्या काही जिवाणूंच्या विषाने एक ते सहा तासांत उलट्या होतात. साल्मोनेलाला सहा तासांपासून काही दिवसांपर्यंतही वेळ लागतो. म्हणजे दोष शेवटच्या जेवणाचाच असतो असे नाही. मात्र हा युक्तिवाद पत्रात करू नये.

बिलाचे पैसे परत द्यायचे असल्यास ‘सद्भावना म्हणून, जबाबदारी मान्य न करता’ असे लिहावे. त्याबदल्यात तक्रार मागे घ्यायला सांगू नये. आणि ‘तपासत आहोत’ लिहिले, तर खरोखर तपासावे. अनेकांची तक्रार आली किंवा वकिलाची नोटीस आली, तर उत्तर आपल्या वकिलाला दाखवूनच पाठवावे.