सहा आणि पाच मिळून साडेदहाच्या आत

घराच्या मुख्य तारेतून दोन गोष्टींना वीज जाते आहे असं धरू: एक पाणी तापवायचा रॉड आणि एक पाऊण हॉर्सपॉवरची पाण्याची मोटर. वायरमनने टाँग टेस्टर रॉडच्या तारेभोवती धरला तर ६ अँपिअर दिसतात, मोटरच्या तारेभोवती ५. मुख्य तारेवर मात्र ११ दिसत नाहीत, १०.४ च्या आसपास दिसतात. मीटर बिघडलेला नाही आणि वीजही कुठे गळत नाही. बेरीजच वेगळी आहे.

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे झुलते. रॉडमधला प्रवाह व्होल्टेजच्या पावलावर पाऊल टाकतो, म्हणजे व्होल्टेज शिखरावर असतं त्याच क्षणी प्रवाहही शिखरावर असतो. मोटरच्या गुंडाळ्यांमध्ये चुंबकत्व उभं राहायचं असतं, म्हणून तिचा प्रवाह थोडा मागे पडतो. आपल्या मोटरचा पॉवर फॅक्टर ०.८ आहे असं मानलं, तर हे मागे पडणं ३७ अंशांचं होतं (पूर्ण झोका ३६० अंशांचा). दोन्ही शिखरं एका क्षणी येतच नाहीत, तर ६ आणि ५ यांची सरळ बेरीज होणार कशी?

शाळेतल्या त्रिकोणमितीने हे गणित सुटतं. ६ cos ωt + ५ cos(ωt − ३७°) असं मांडायचं, दुसरं पद cos(A − B) च्या सूत्राने उलगडायचं, cos ची पदं एकीकडे आणि sin ची दुसरीकडे गोळा करायची, मग त्या दोघांना पुन्हा एकाच cos मध्ये बसवायचं. cos A + cos B चं ते पाठ केलेलं सुटसुटीत सूत्र इथे उपयोगी पडत नाही, कारण ते दोन्ही लाटांची उंची सारखी असेल तरच थेट लागू होतं. दोन लाटांपुरतं हे सगळं सोसता येतं. पण एका फीडरवर पन्नास यंत्रं असली की वही भरते, आणि एखादं चिन्ह चुकलं तर कुठे चुकलं ते सापडत नाही.

१८९३ मध्ये शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी या कटकटीतून सुटण्याची रीत मांडली. ब्रेस्लाउमध्ये जन्मलेला आणि समाजवादी चळवळीपायी जर्मनी सोडावी लागलेला हा गणिती तेव्हा अमेरिकेत विजेच्या यंत्रांवर काम करत होता. लाटांऐवजी संमिश्र संख्या लिहा आणि त्यांची साधी बेरीज करा, असं त्यांचं म्हणणं होतं. लागणारं गणित जुनंच होतं. ऑयलरचं e^(jθ) = cos θ + j sin θ हे सूत्र तोवर जवळपास दीडशे वर्षांचं झालं होतं. यातला j म्हणजे उणे एकाचं वर्गमूळ. गणितवाले त्याला i म्हणतात, पण विजेच्या लोकांनी i हे अक्षर प्रवाहासाठी आधीच राखून ठेवलेलं असतं.

हे चालतं का, ते समजण्यासाठी फिरणाऱ्या ग्रामोफोनच्या तबकडीवर मध्यापासून खडूने दोन बाण काढलेत असं समजा, एक ६ लांबीचा आणि दुसरा त्याच्या ३७ अंश मागे, ५ लांबीचा. तबकडी फिरते तशी प्रत्येक बाणाची आडवी सावली पुढे-मागे झुलते. ती सावली म्हणजे आपली लाट. बाण दोन्ही फिरतात, पण त्यांच्यातलं अंतर तसूभरही बदलत नाही, कारण तबकडी एकच आहे. म्हणून एकाच्या टोकाला दुसरा जोडून मिळणारा तिसरा बाणही तितक्याच वेगाने फिरतो आणि त्याची सावली म्हणजे दोन सावल्यांची बेरीज. मग तबकडी फिरवायचीच कशाला? थांबवून मोजूया. सूत्राच्या भाषेत, e^(jωt) हा फिरवणारा भाग दोन्ही पदांत समान आहे, तो कंसाबाहेर काढला. आत जे स्थिर बाण उरतात, तेच फेजर.

आता आकडे. रॉडचा फेजर नुसता ६. मोटरचा फेजर ५ लांबीचा आणि ३७ अंश मागे. त्याचा आडवा भाग ५ × ०.८ = ४, उभा भाग ५ × ०.६ = ३, आणि मागे असल्यामुळे उभा भाग उणे. म्हणजे ४ − ३j. बेरीज:

६ + (४ − ३j) = १० − ३j

लांबी पायथागोरसने निघते: १०० अधिक ९ म्हणजे १०९, त्याचं वर्गमूळ १०.४४. कोन म्हणजे ज्याचा tan ०.३ आहे तो, सुमारे १६.७ अंश मागे. मुख्य तारेतला प्रवाह १०.४४ अँपिअर, व्होल्टेजच्या १६.७ अंश मागे. टाँग टेस्टर हेच सांगत होता. (मीटरवरचे आकडे परिणामी मूल्याचे असतात, शिखराची उंची त्यांच्या सुमारे १.४१ पट. सगळीकडे एकच प्रकार वापरला की गणित बिघडत नाही.) उत्तर शक्यतेतलं आहे का, हे पाहायला एक साधी कसोटी आहे: ते ११ पेक्षा जास्त आणि १ पेक्षा कमी असूच शकत नाही. कोन काढताना मात्र जपावं. आडवा भाग उणे आला तर कॅल्क्युलेटरचा tan⁻¹ बाण नेमका उलट दिशेला दाखवतो, तेव्हा त्यात १८० अंश मिळवावे लागतात. कागदावर कच्चा बाण काढला तरी ही चूक लगेच दिसते.

खरी गंमत आता येते. रॉड-मोटरच्या जोडीला समांतर एक कपॅसिटर लावू. कपॅसिटरचा प्रवाह व्होल्टेजच्या ९० अंश पुढे असतो, म्हणून त्याचा फेजर निव्वळ उभा. २३० व्होल्टला ३ अँपिअर घेणारा, म्हणजे सुमारे ४१.५ मायक्रोफॅरडचा निवडला, तर त्याचा फेजर +३j.

(१० − ३j) + ३j = १०

ओढणारं आणखी एक उपकरण जोडलं, आणि मुख्य तारेतला प्रवाह १०.४४ वरून १० वर उतरला! कारखान्यात कपॅसिटरची पॅनेलं याचसाठी लावतात. तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती १०९ वरून १०० वर येते. हौसेने दुप्पट कपॅसिटर लावला तर काय होईल, तेही एका ओळीत कळतं: १० + ३j, म्हणजे पुन्हा १०.४४, फक्त आता प्रवाह व्होल्टेजच्या पुढे. टाँग टेस्टर हा फरक दाखवू शकत नाही, कारण तो बाणाची लांबी मोजतो, दिशा नाही. त्यासाठी पॉवर फॅक्टर दाखवणारा मीटर हवा.

ही रीत बेरीज-वजाबाकीची आहे. व्होल्टेजच्या लाटेला प्रवाहाच्या लाटेने गुणून शक्ती काढायची असेल, तर फेजर नुसते गुणून भागत नाही. त्या गुणाकाराची लाट सेकंदाला १०० वेळा झुलते आणि ती या तबकडीवर मावत नाही.

वारंवारता वेगळी असली की बेरीजही अडते. एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर प्रवाह तुकड्यातुकड्याने ओढतात, त्यामुळे त्यांच्या प्रवाहात ५० हर्ट्झबरोबर १५० हर्ट्झचीही लाट मिसळलेली असते. तिचे बाण तिप्पट वेगाने फिरतात, म्हणून त्यांची बेरीज वेगळ्या तबकडीवर, स्वतंत्र करायची. तिथे समजा २ अँपिअर आले आणि ५० हर्ट्झचे आपले १० आहेतच, तर मुख्य तारेवर १२ दिसणार नाहीत आणि कोनाचा प्रश्नही उरणार नाही. वारंवारता वेगळ्या असल्या की परिणामी मूल्यांचे फक्त वर्ग मिळवायचे: १०० अधिक ४, आणि वर्गमूळ सुमारे १०.२ अँपिअर.