आधी पोटोबा: ‘व्हॅलहाइम’मधले पहिले काही तास

जगण्यासाठी धडपडायचं आणि लागणारी प्रत्येक वस्तू स्वतःच्या हातांनी बनवायची, अशा गेमना ‘सर्व्हायव्हल क्राफ्टिंग’ म्हणतात. नवा खेळाडू यात उतरला की त्याला वाटतं, समोर मोकळं जग पसरलंय, वाट्टेल तिकडे जावं. जग मोकळं असतं हे खरं, पण त्यातल्या वस्तू कुलुपात असतात. ‘माइनक्राफ्ट’मध्ये लाकडी कुदळीने दगड फुटतो, पण लोखंडाचं खनिज हाती लागत नाही. त्यासाठी दगडी कुदळ लागते आणि हिऱ्यासाठी लोखंडी. पुढच्या कुलुपाची किल्ली मागच्या टप्प्यात ठेवायची, हा या खेळांचा पाया आहे. ही रचना सर्वांत स्वच्छ दिसते ती स्वीडनमधल्या आयर्न गेट स्टुडिओच्या ‘व्हॅलहाइम’मध्ये. फेब्रुवारी 2021 मध्ये हा गेम अपुऱ्या, घडत्या रूपातच विक्रीला आला, आणि महिन्याभरात त्याच्या पन्नास लाख प्रती खपल्या. नवे खेळाडू सर्वांत जास्त अडखळतात, तेही त्याच्या सुरुवातीच्याच टप्प्यांत.

खेळ सुरू होतो ‘मेडोज’ नावाच्या हिरव्या कुरणात. जमिनीवर पडलेली लाकडं आणि दगड गोळा करायचे. तीन लाकडं आणि दोन दगडांचा हातोडा होतो, पाच लाकडं आणि चार दगडांची कुऱ्हाड. हातोड्याने दहा लाकडांचं वर्कबेंच उभं करायचं आणि त्यावर छप्पर घालायचं, कारण उघड्यावरच्या वर्कबेंचवर काम करता येत नाही. रानडुकरांच्या कातड्याचे तुकडे, हरणांची कातडी, पाण्याकाठची गारगोटी असं एकेक सामान जमत जातं आणि तासाभरात खेळाडूकडे झोपडी, धनुष्य आणि बरी कुऱ्हाड असते. इथपर्यंत सहसा कुणी अडत नाही.

कुरणाला लागून गर्द ‘ब्लॅक फॉरेस्ट’ असतं. तिथे तांब्याचे मोठे दगड दिसतात, ओढ्याकाठी कथील दिसतं. पण कुऱ्हाडीचा घाव तांब्यावर काहीही करत नाही, आणि दगडाची कुदळ हा प्रकार या खेळात नाहीच. पहिली कुदळ शिंगाची असते, आणि ते शिंग मिळतं एइकथिर या पहिल्या बॉसला हरवल्यावर. हरणाची दोन मुंडकी त्याच्या वेदीवर ठेवली की तो विजेच्या लखलखाटात प्रकट होतो. त्याचं एक कठीण शिंग आणि दहा लाकडं यांची कुदळ होते. रचना म्हणून मला हे फार आवडतं. बॉस ही टप्प्याच्या शेवटी ठेवलेली शोभेची लढाई नाही, पुढच्या टप्प्याचं अवजारच त्याच्या अंगावर आहे. हे लक्षात न आल्याने कितीतरी जण काळ्या जंगलात भटकत राहतात, ट्रोलच्या हातून मरतात आणि खेळ अन्यायी आहे असं म्हणून सोडून देतात. धातूचा दगड फुटत नसेल, तर मागच्या प्रदेशातलं काम अपुरं राहिलंय एवढाच त्याचा अर्थ.

पण ट्रोलच्या हातून मरण्यामागे आणखी एक कारण असतं, आणि ते मला या खेळातली सर्वांत मोठी गफलत वाटतं. इथे उपाशी राहून कुणी मरत नाही. भुकेची पट्टी रिकामी झाली म्हणून जीव जात नाही. त्यामुळे खेळाडू खाण्याकडे दुर्लक्ष करतो, सगळं लक्ष चिलखत आणि गदा यांच्यावर ठेवतो. वस्तुस्थिती अशी की व्हॅलहाइममध्ये खाणं हेच तुमचं शरीर आहे. रिकाम्या पोटी जीव असतो फक्त 25 आणि दम 50. दम म्हणजे धावायला, उडी मारायला, घाव घालायला लागणारी ताकद. एका वेळी तीन वेगवेगळे पदार्थ पोटात ठेवता येतात आणि प्रत्येकजण या दोन्ही आकड्यांत आपापली भर घालतो. हरणाचं भाजलेलं मांस जीव 35 ने वाढवतं, डुकराचं 30 ने. ही दोन्ही आणि वर मूठभर रासबेरी खाल्ल्या, की जीव 97 आणि दम 92 होतो. म्हणजे कुठलीही नवी वस्तू न बनवता माणूस जवळपास चौपट टणक झाला. रिकाम्या पोटाचा खेळाडू ट्रोलच्या एका फटक्यात आडवा होतो. पोटभर जेवलेल्याला चुकायला थोडी जागा मिळते आणि पळून जायला दमही उरतो. खाल्लेल्याचा असर वेळेबरोबर उतरत जातो, म्हणून पडद्यावरची पदार्थाची खूण लुकलुकू लागली की पुन्हा खावं.

मांस म्हणजे जीव आणि बेरी-मध म्हणजे दम, अशी ढोबळ वाटणी ध्यानात ठेवली की बेतही ठरवता येतो. लढाईला जाताना दोन मांसाचे पदार्थ आणि एक दमाचा. दिवसभर झाडं तोडायची असतील तर उलट.

खाण्याच्या जोडीला विसावा. छपराखाली, चुलीच्या उबेला थोडा वेळ थांबलं की ‘रेस्टेड’ ही अवस्था मिळते. तिच्यात दम दुप्पट वेगाने भरून येतो. अगदी साध्या झोपडीत ती काही मिनिटं टिकते आणि घरात सोयी वाढल्या की प्रत्येक पायरीमागे एक मिनिट वाढते. खुर्ची, गालिचा, नीटसा पलंग या गोष्टी हौसेच्या वाटतात, पण त्यांनी लढाईचा वेळ वाढतो. म्हणून घर सजवणाऱ्या खेळाडूला वेळ वाया घालवतोय असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. मात्र घराच्या आत चूल पेटवताना धुराला वाट ठेवायलाच हवी. बंद खोलीत धूर साचतो आणि जीव कमी करू लागतो. झोपडीत बसल्याबसल्या जीव घटताना दिसला, तर आधी वर छताकडे पाहावं.

शिंगाची कुदळ हाती आली की खेळाचा स्वभाव बदलतो. आतापर्यंत प्रश्न होता काय मिळवायचं, आता प्रश्न येतो ते कुठे न्यायचं. दोन तांबं आणि एक कथील मिळून एक कांसं होतं. धातू वितळवायची भट्टी आणि कोळशाची भट्टी, दोन्हींना प्रत्येकी वीस दगड आणि पाच ‘सर्टलिंग कोअर’ लागतात. हे कोअर काळ्या जंगलातल्या जुन्या दफनगुहांत, सांगाड्यांच्या पहाऱ्यात असतात. एका खनिजाला दोन कोळसे लागतात आणि एका लाकडाचा एक कोळसा होतो.

आता एक हिशेब मांडून पाहू. लोहारकामाचा ‘फोर्ज’ उभारायला सहा तांबं लागतं. कांशाच्या कुऱ्हाडीला आठ कांसं, म्हणजे सोळा तांबं आणि आठ कथील. एकूण बावीस तांबं आणि आठ कथील. तीस खनिजं वितळवायला साठ लाकडं कोळशात जातात. तांब्याच्या एका खनिजाचं वजन 10, कथिलाचं 8, म्हणजे ओझं झालं 284. खेळाडूला पेलतं 300. अंगावरची हत्यारं आणि खाणं धरलं की एक खेप जेमतेम भरते. आता याऐवजी कुणी आधी कांशाचं चिलखत करायचं ठरवलं, तर शिरस्त्राणासकट तीन वस्तूंना पंधरा कांसं लागतं. म्हणजे तीस तांबं, पंधरा कथील आणि 420 वजन. दोन खेपा.

बहुतेक नवे खेळाडू चिलखतच निवडतात, कारण अंगावर काहीतरी चमकतं. माझा कौल कुऱ्हाडीला आहे. बर्च आणि ओक ही झाडं कांशाच्या कुऱ्हाडीशिवाय तुटत नाहीत, आणि त्यांच्यातून मिळणारं उत्तम लाकूड चांगल्या धनुष्याला, लहान जहाजाला आणि पोर्टलला लागतं. चिलखत एकाच माणसाला सांभाळतं. कुऱ्हाड पुढची तीन दारं उघडते.

पोर्टलची गोष्ट इथे नीट समजून घ्यायला हवी. दोन पोर्टल जोडली की क्षणात इकडून तिकडे जाता येतं, पण मूळ नियमांप्रमाणे कच्चं खनिज आणि धातूच्या लाद्या त्यातून नेता येत नाहीत. बनवलेली वस्तू मात्र जाते. (नवं जग बनवताना हे बंधन सैल करण्याची सोय नंतर आली. पहिल्यांदा खेळणाऱ्याने ती वापरू नये असं मला मनापासून वाटतं, कारण घर, रस्ते, बंदरं यांना अर्थ येतो तो या बंधनामुळेच.) नवा खेळाडू समुद्राकाठी सुंदर घर बांधतो, तांबं सापडतं दोन टेकड्यांपलीकडे, आणि तो पाठीवर ओझी वाहत राहतो. वजन 300 च्या वर गेलं की धावता येत नाही आणि दम संपत जातो. तेवढ्यात संध्याकाळ होते आणि ग्रेडवॉर्फांची टोळी घेरते.

यावरचा उपाय खेळाच्याच एका उदार नियमात आहे. बांधलेली गोष्ट पाडली की तिचं सगळं सामान परत मिळतं, कोअरसुद्धा. म्हणून भट्टी घराजवळ असायची गरज नाही. तांब्याच्या दगडापाशी दहा लाकडांचं वर्कबेंच, वर थोडं छप्पर, भोवती कुंपण आणि शेजारी दोन्ही भट्ट्या उभ्या कराव्यात. फोर्जही तिथेच. कुऱ्हाड जागेवरच घडवावी आणि रिकाम्या पाठीने परतावं. तांबं संपलं की सगळं मोडून पुढच्या दगडापाशी न्यावं. वर्कबेंचवरची दुरुस्तीही फुकट असते. हे ठाऊक नसल्याने अनेकजण मोडलेली कुदळ टाकून देतात आणि दुसऱ्या शिंगासाठी बॉसला पुन्हा बोलावतात.

एवढं सांभाळूनही मरण येतंच, आणि मेल्यानंतरच्या पाच मिनिटांत सर्वांत जास्त नुकसान होतं. सगळं सामान थडग्यात राहतं, प्रत्येक कौशल्य पाच टक्क्यांनी उतरतं आणि खेळाडू अंथरुणापाशी उठतो, उघडा आणि उपाशी. म्हणजे जीव पुन्हा 25. घाईने तो तसाच धावत सुटतो, त्याच ट्रोलपाशी पोचतो आणि आता दोन थडगी होतात. थडगं नाहीसं होत नाही, हे कळलं की घाई उरत नाही. घरच्या पेटीत भाजलेलं मांस, एक जास्तीची कुऱ्हाड आणि जुनं कातडी चिलखत कायम ठेवावं. तीन पदार्थ खाऊन, चुलीपाशी विसावून, उजाडल्यावर निघावं. मेल्यानंतरची दहा मिनिटं पुन्हा मरण आलं तरी कौशल्य उतरत नाही, पण त्या सवलतीच्या भरवशावर उपाशीपोटी पळू नये.

अंथरूणही खाणीच्या तळाजवळ मांडावं, म्हणजे परतीची वाट लहान होते. आणि पहिली होडी झाली म्हणून पिवळ्या गवताच्या ‘प्लेन्स’ प्रदेशात उतरू नये. तिथला डेथस्क्विटो नावाचा मोठा डास एका दंशात 90 जीव घेऊ शकतो, म्हणजे पोटभर हरणाचं मांस खाल्लेला खेळाडूही जेमतेम उरतो. काळ्या जंगलाच्या बॉसला, म्हणजे ‘एल्डर’ला बोलवायला तीन प्राचीन बिया लागतात. त्याला हरवलं की दलदलीतल्या बुडालेल्या तळघरांची किल्ली मिळते, आणि लोखंड त्या तळघरांत आहे. दलदलीत माणूस सतत ओला राहतो, ओल्या अंगाने दम हळू भरतो. तिथे जाताना सोबत आधी खाण्याची पिशवी घ्यावी आणि काठावर कोरड्या जागी एक छपराची चूल बांधून ठेवावी.